साडेसात महिन्यांची लेक दिवसाला जेमतेम अकरा तास झोपते: प्रकृतीच अशी, की काही बिघडलंय?

अबोली७

लेक साडेसात महिन्यांची आहे, पूर्ण दिवसांची जन्मलेली. वजन-उंची पहिल्यापासून आलेखावर आपापली रेषा धरून आहे. बसते, रांगायच्या खटपटीत आहे. प्रश्न एकच, झोप कमी. पहिल्या महिन्यापासून कमीच आहे, मध्येच कमी झाली असं नाही.

गेले सात दिवस वहीत मिनिटं लिहून ठेवली. चोवीस तासांची एकूण झोप अशी आली (तास:मिनिटं): १०:४०, ११:०५, १०:३०, ११:१०, १०:४५, १०:५०, १०:५०.

ठरावीक दिवस साधारण असा जातो. संध्याकाळी ७:३०ला झोपवायला घेतो. झोप लागते ८:१५ला. रात्री २ला जागी होते आणि ३:३०पर्यंत टक्क. रडत नाही, पाय धरून खेळते, आमच्याशी गप्पा मारते. मग पुन्हा झोपते ती सकाळी ६पर्यंत. दिवसा तीन डुलक्या: ४० मिनिटं, सव्वा तास, ४० मिनिटं.

स्वभाव सांगायचा तर दिवसभर भिरभिर चालू असते. कुठे खुट्ट झालं तरी मान वळते. चिडकी मात्र नाही. सगळीकडे या वयाला १२ ते १६ तास लिहिलेलं आहे. मग ही कमी झोपणारीच आहे, की आम्ही काही चुकतोय?

चांदोबा

ओव्हरटायर्ड केस आहे ही. टक्क जागं राहणं, भिरभिर, रात्री दोनला उठणं, सगळी तीच लक्षणं. झोपच झोपेला बोलावते. ७:३० फार उशीर होतोय, आठवडाभर ६:३०ला झोपवून बघा. आमच्याकडे जादू झाली होती.

रातकिडा

चांदोबा, तुमचा उपाय खरा आहे, पण तो ज्या बाळाची झोप थकलेली असते त्याच्यासाठी. इथे थकबाकी दिसत नाही. ताईंनी आकडे दिलेत तर त्यांचाच हिशोब मांडू.

सात दिवसांची बेरीज ४५५० मिनिटं, म्हणजे सरासरी ६५० मिनिटं, दिवसाला १० तास ५० मिनिटं. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त दिवसात फरक फक्त ४० मिनिटांचा. ही स्थिरता मला एकूण आकड्यापेक्षा महत्त्वाची वाटते. झोप बाहेरच्या कारणाने मोडत असली की आकडे हेलकावे खातात: एक दिवस ९, दुसऱ्या दिवशी १३, कारण शरीर संधी मिळेल तिथे भरपाई करून घेतं.

आता झोपायला संधी किती मिळतेय ते पाहा. रात्री ७:३० ते ६, म्हणजे साडेदहा तास. दिवसा २ तास ३५ मिनिटं. एकूण १३ तास ५ मिनिटं अंधार, शांतता आणि आई-बाबा हजर. त्यातली १० तास ५० मिनिटं तिने घेतली, सव्वादोन तास परत केले. आणि हे सव्वादोन तास कुठे दिसतात? झोप लागेपर्यंतची ४५ मिनिटं आणि रात्री २ ते ३:३० हा दीड तास. बेरीज बरोबर सव्वादोन तास.

म्हणजे रात्रीचं ते टक्क जागं राहणं हा आजार नाही, उरलेला वेळ आहे. सव्वाआठ तासांची झोप साडेदहा तासांच्या पिशवीत भरली तर पिशवी कुठेतरी रिकामी राहणारच. काही बाळांची पिशवी सुरुवातीला रिकामी राहते, काहींची पहाटे, हिची मध्यावर आणि थोडी सुरुवातीला.

६:३०ला झोपवलंत तर पिशवी आणखी एका तासाने मोठी होईल. झोप बहुधा तेवढीच राहील, मधला दीड तास अडीच होईल.

चांदोबा

मग तक्त्यातल्या १२ तासांचं काय? ते काय उगाच लिहिलंय?

रातकिडा

उगाच नाही. १२ ते १६ हा अमेरिकन अॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनचा २०१६चा आकडा, ४ ते १२ महिन्यांसाठी, डुलक्या धरून. ती शिफारस बहुसंख्य बाळांसाठी आहे. नॅशनल स्लीप फाउंडेशनने २०१५ साली ४ ते ११ महिन्यांना १२ ते १५ तास सांगितले, पण सोबत आणखी एक पट्टा दिला: १० ते ११ तास काही बाळांना पुरेसे असू शकतात. पोस्टरवर हा दुसरा पट्टा सहसा छापत नाहीत.

झुरिकमध्ये मुलांच्या झोपेचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला, त्याचे तक्ते २००३ साली आले. सहा महिन्यांच्या बाळांची सरासरी १४.२ तास होती. पण शंभरातली खालची दोन आणि वरची दोन बाळं सोडली तर बाकीच्यांचा पसारा साधारण १०.४ ते १८.१ तास. एकाच वयाच्या दोन निरोगी बाळांत साडेसात तासांपेक्षा जास्त फरक! ताईंची लेक या पट्ट्याच्या खालच्या टोकाला आहे, पण आत आहे.

एक खाच. हे आकडे आणि ताईंची वही, दोन्ही पालकांच्या नोंदी. बाळ शांतपणे डोळे उघडे ठेवून पडलं असेल तर वहीत ते झोपलेलंच असतं. म्हणून खरी झोप वहीपेक्षा थोडी कमीच असते, सगळ्यांचीच. तुलना वहीची वहीशी करावी, मनगटावरच्या यंत्राच्या आकड्याशी नको.

कडूनिंब

बालरोगाच्या बाजूने लिहितो. रातकिडा यांचा हिशोब पटला, पण हिशोब बसला म्हणून पुढचं विचारायचं राहू नये. कमी झोप ही प्रकृती आहे असं म्हणण्याआधी मी तास मोजत नाही, बाळाचा दिवस विचारतो.

सकाळी आपण होऊन उठते का, की उठवावं लागतं? उठल्यावर पहिली वीस मिनिटं कशी जातात, हसरी की रडकी? गाडीत ठेवल्यावर दर वेळी पाच मिनिटांत मान टाकते का? संध्याकाळचे शेवटचे दोन तास रोज रडण्यात जातात का? झोप पुरत असेल तर ही चारही उत्तरं ठीक येतात. कमी झोपेचं बाळ जागेपणी खरंच जागं असतं, नजर स्वच्छ, हालचालीत जोर. झोप मोडलेलं बाळ जागं दिसतं, पण चिडून जागं राहिलेलं असतं.

दुसरं, झोपेत काय होतं ते. बहुतेक रात्री घोरणं, तोंड उघडं टाकून श्वास, मान मागे ताणून झोपणं, डोकं घामाने भिजणं. अंगावर खाज आणि पुरळ. मांडीवर उभं धरलं की शांत आणि आडवं केलं की किंचाळणं, तेही ताप-सर्दीबरोबर, तर कान बघून घ्यायचा. पाय सतत झाडणं, रात्रभर लोळत अंथरूण गोळा करणं असेल तर लोह बघायचं. त्यासाठी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासताना संसर्ग नाही ना याची खात्री हवी, कारण संसर्गात फेरिटिन वर जातं आणि कमतरता झाकली जाते.

आणि एक गोष्ट, जी उद्यावर टाकायची नाही. झोपेतून उठल्याउठल्या हात फेकून, मान-कंबर एकदम आखडून पुढे वाकणं आणि काही सेकंदांच्या अंतराने तेच पुन्हा पुन्हा होणं. हे दचकणं नाही. व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी दाखवा.

अबोली७

चारही उत्तरं ठीक आहेत. आपण होऊन उठते, हसत उठते. गाडीत क्वचितच झोपते. संध्याकाळी ६ नंतर थोडी किरकिर असते, रोज नाही. घोरत नाही, खाज नाही. पाय झाडते, पण जागी असताना, आनंदाने.

मनूची_आई

आमचा मनू ९ महिन्यांचा. तोही कमी झोपतो, १०-११ तास. वाचून बरं वाटलं, म्हणजे तोही याच जातीचा. झोपेत थोडा आवाज करतो, घरघर म्हणा, आणि उशी ओली होते घामाने. पण दिवसा गोड आहे.

कडूनिंब

मनूची आई, थांबा. तास सारखे म्हणून जात सारखी नाही. घरघर सर्दीपुरती आहे की सर्दी नसतानाही बहुतेक रात्री असते? सर्दी नसतानाही असेल तर हा धागा तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही, तपासणी हवी.

जाण्याआधी एक काम करा. मनू गाढ झोपला की छाती-पोट उघडं ठेवून दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्या, आवाजासकट. चेहरा आणि छाती एकाच चौकटीत दिसू द्या. बघायचं ते हे: श्वास घेताना बरगड्यांच्या खालचा भाग किंवा गळ्याखालची खळगी आत ओढली जाते का, मध्येच छाती हलते पण आवाज थांबतो आणि मग हुंदक्यासारखा श्वास येतो का. तपासायच्या खोलीत बाळ जागं असतं, तिथे यातलं काही दिसत नाही. त्यामुळे असा व्हिडिओ बोलून सांगण्यापेक्षा खूप उपयोगी पडतो.

आणि उशी काढून टाका. वर्षाच्या आत उशी नकोच. पाठीवर, सपाट, टणक गादीवर.

मनूची_आई

सर्दी नाहीये सध्या. आज रात्री काढते व्हिडिओ.

शब्दवेडा

मी वाचलं होतं की कमी झोपेचं जनुक सापडलंय. म्हणजे हे आईबापांकडून येतं. ताई, तुम्ही दोघं किती झोपता?

रातकिडा

२००९ साली डीईसी२ या जनुकातला एक बदल एका कुटुंबात सापडला, तो तुम्ही म्हणताय. ती माणसं मोठी होती, सहा-सव्वासहा तासांत ताजीतवानी होणारी. हा बदल फार दुर्मिळ आहे आणि तो बाळांच्या झोपेवर लावायला काही आधार नाही. झोपेत आनुवंशिकतेचा वाटा आहे, पण बाळांच्या वयात तो किती यावर जुळ्यांवरचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. कुठे जनुकांचा वाटा मोठा निघतो, कुठे घराच्या वेळापत्रकाचा. आईबापांच्या झोपेवरून बाळाचं निदान करू नये.

तळटीप

स्वभावाबद्दल कुणी नीट बोललं नाही अजून, म्हणून लिहिते. लहान मुलांचं मानसशास्त्र हा कामाचा विषय आहे.

थॉमस आणि चेस यांनी न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून मुलांचा पाठपुरावा केला आणि स्वभावाचे नऊ पैलू मांडले. झोपेसाठी त्यातले दोन मला फार उपयोगी वाटतात. एक नियमितपणा, म्हणजे भूक-झोप घड्याळाला धरून येते की रोज वेगळी. दुसरा संवेदनशीलतेचा उंबरठा, म्हणजे किती आवाज-उजेड झाल्यावर बाळ दखल घेतं. खुट्ट झालं की मान वळते, म्हणजे ताईंच्या लेकीचा उंबरठा खाली आहे.

पण उंबरठा खाली असणं आणि झोपेची गरज कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घोळ इथेच होतो. खालच्या उंबरठ्याच्या बाळाला झोप हवी असते, पण ती लागू देणारी शांतता मिळत नाही. ते जांभया देत नाही, डोळे चोळत नाही. उलट जास्त हसतं, जास्त पळतं, आणि घरचे म्हणतात, याला झोपच नको. खोली पूर्ण अंधारी केली, एकसुरी आवाज ठेवला आणि झोप तासाभराने वाढली, तर ते कमी झोपणारं बाळ नव्हतंच. नियमितपणा कमी असलेल्या बाळाचं आणखी वेगळं. त्याची सरासरी ठीक असते, रोजचा आकडा मात्र उड्या मारतो.

ताईंच्या वहीत उड्या नाहीत आणि अंधार-शांततेत सव्वादोन तास शिल्लक आहेत. म्हणून मीही रातकिडा यांच्या बाजूने. फक्त दुपारच्या ४० मिनिटांच्या डुलक्या उजेडात होतात का ते एकदा तपासा. बाळांच्या झोपेचं चक्र साधारण ५० ते ६० मिनिटांचं असतं. संवेदनशील बाळ चक्राच्या शेवटी पातळ झोपेत आलं की उजेडाने पूर्ण उठतं.

चांदोबा

मला अजून एक पटत नाही. कमी झोपेमुळे बाळ भिरभिरं होतं की भिरभिरं असल्यामुळे कमी झोपतं?

तळटीप

याचं सरळ उत्तर नाही. स्वभावाची प्रश्नावली भरतात पालक, झोपेची वही लिहितात तेही पालकच. रात्री दोनला उठलेल्या माणसाला बाळ जास्त अवघड वाटणारच. त्यामुळे दोन्हींत संबंध दिसतो, पण कुठलं आधी हे त्यावरून सांगता येत नाही.

सुगरण_आजी

एवढा हिशोब कशाला, रात्री पोटभर घट्ट काहीतरी भरवा, पोट जड की डोळे जड. नाहीतर सर्दीचं औषध अर्धा चमचा, गाढ झोपतं पोर.

कडूनिंब

आजी, रागावू नका, पण औषधाचं अजिबात नको. झोप आणणारी सर्दीची औषधं या वयात श्वास मंदावू शकतात. आणि फायदाही नाही: डायफेनहायड्रामिन हे त्यातलं नेहमीचं औषध बाळांना देऊन २००६ साली चाचणी झाली, ते बिनऔषधाच्या गोड पाण्यापेक्षा सरस ठरलं नाही. घट्ट खाण्याचं म्हणाल तर लवकर वरचं अन्न सुरू केलेल्या बाळांच्या मोठ्या चाचणीत झोप वाढली ती रात्रीला पाव तासाच्या आसपास. खोटं नाही, पण दीड तास त्याने भरणार नाही. आणि हे बाळ भुकेने उठत नाही, पाय धरून खेळतंय.

अबोली७

मग करू काय? दीड तास रोज दोघांपैकी कुणीतरी जागं असतं, तेवढं तरी कमी व्हावं.

रातकिडा

पिशवी लहान करायची, पण हळूहळू.

सकाळचे ६ पक्के धरा. रात्र कशीही गेली तरी ६ला पडदे उघडायचे. हा खुंटा हलला तर बाकी काही जमत नाही. संध्याकाळी ७:३०ऐवजी लगेच ८:१५ला झोपवायला घ्या. तिला झोप लागतेच तेव्हा, म्हणून एवढी उडी मारायला हरकत नाही. त्यापुढे मात्र दर तीन दिवसांनी १५ मिनिटं: ८:३०, ८:४५, ९. तिथे थांबा. ९ ते ६ म्हणजे नऊ तास. तिची रात्रीची झोप आत्ता सव्वाआठ तास आहे, ती साडेआठ झाली तरी अर्धा तास सैल राहतो. तो सैल हवाच. पिशवी झोपेएवढी घट्ट केली की एखाद्या वाईट रात्री भरपाईला जागाच उरत नाही.

तिसरी डुलकी संध्याकाळी ५च्या आत संपवा.

रात्री उठली तर दिवा नको, खेळ नको, गप्पा नको. भूक असेल तर पाजा. तिला अंधारात पाय धरून खेळू द्या, रडली तर जवळ जा. आत्ता दोन वाजता गप्पा मारायला माणूस मिळतोय, हे तिला कळलेलं आहे.

चुकतंय कसं कळेल? एकूण झोप सलग तीन दिवस १० तासांच्या खाली गेली, किंवा सकाळी हसत उठणारी रडत उठायला लागली, तर मी चुकलो. शेवटची १५ मिनिटं परत द्या. आणि हे सहा महिन्यांच्या आतल्या बाळावर करू नये. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय नियोजित तारखेपासून मोजावं.

चांदोबा

म्हणजे माझ्या उलट सांगताय. पण आमच्याकडे ६:३०ने खरंच झालं होतं हो.

रातकिडा

झालं असेल. तुमच्या बाळाची आठवडाभराची बेरीज ६:३०नंतर वाढली का? वाढली असेल तर त्याला संधी कमी मिळत होती आणि तुम्ही ती दिली. दोन्ही बाळं रात्री दोनला उठू शकतात. वेगळं दिसतं ते वेळ वाढवल्यावर: एक ती झोपेने भरतं, दुसरं जागून.

मनूची_आई

व्हिडिओ काढला. बरगड्यांखाली खड्डा पडतोय प्रत्येक श्वासाला. इतके दिवस समोर होतं, बघितलंच नव्हतं. सकाळी दाखवायला नेतेय.

कडूनिंब

न्या. सकाळपर्यंत जागेपणीही धाप वाटली, ओठ निळसर वाटले किंवा दूध ओढताना दमला तर सकाळची वाट पाहू नका.

अबोली७

सतरा दिवसांनी लिहितेय. गेला आठवडाभर ९वर आहोत. झोप १०-१५ मिनिटांत लागते. मधलं जागरण सातपैकी चार रात्री २० ते २५ मिनिटांचं, एका रात्री अजिबात नाही, दोन रात्री मात्र पुन्हा तासाभराचं. एकूण सरासरी १० तास ५५ मिनिटं, म्हणजे झोप वाढलीच नाही म्हणायची, नुसती गोळा झाली. सकाळी हसतच उठते. पण तिसरी डुलकी आता नकोच म्हणते, त्या दोन वाईट रात्री तिसरी डुलकी बुडाली तेव्हाच्याच.

रातकिडा

तिसरी सुटायचं वय जवळ आलंय तिचं. ज्या दिवशी ती बुडेल त्या दिवशी ९ची वाट पाहू नका, ८:३०लाच घ्या, सकाळचे ६ तेच. आणि ते दिवस वहीत वेगळ्या शाईने लिहा. दोन वाईट रात्रींवरून सांगता येत नाही, आणखी पाच-सहा बुडालेल्या डुलक्या हव्यात.

चांदोबा

म्हणजे त्या दिवशी लवकर! मी काय म्हणत होतो?

तळटीप

त्या दिवसापुरतं तुमचं बरोबर, चांदोबा.